घटक ६ : काळ आणि स्मृती यांविषयीचे लेखन – एका वस्तूच्या आधाराने

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

• काळ, स्मृती यांसारख्या अमूर्त विषयांवरील ललितगद्यासाठी योग्य वस्तूची निवड करणे.
• त्या वस्तूवरील खुणा वाचून तिच्यात साठलेल्या काळाचे थर वेगळे करणे.
• क्रियापदांच्या योग्य रूपांनी ते थर लेखनात मांडणे.
• अशा लेखनात वारंवार घडणारे दोष ओळखणे.

६.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण व्यक्तिचित्रणाचा विचार केला. व्यक्तीला चेहरा असतो, बोलण्याची लकब असते. त्यामुळे लेखकाच्या हाती प्रारंभीच काहीतरी ठोस असते. ‘काळ’ किंवा ‘स्मृती’ हा विषय घेतला की ही सोय राहत नाही. काळ दिसत नाही, स्मृतीला हात लावता येत नाही. मग लेखक भाववाचक नामांचा आश्रय घेतो. पुढील उतारा पाहा.

“काळ कोणासाठी थांबत नाही. काळाच्या ओघात माणसे जातात, पण त्यांच्या आठवणी मागे उरतात. माझ्या आजोबांनी मुंबईच्या गिरणीत आयुष्य वेचले. त्यांच्या कष्टांची आणि त्यागाची स्मृती आजही आमच्या मनात ताजी आहे.”

या उताऱ्यात व्याकरणाची चूक नाही. भावनाही खोटी नाही. तरीही तो वाचून आजोबांविषयी आपल्याला काहीच कळत नाही. ‘ओघ’, ‘कष्ट’, ‘त्याग’, ‘स्मृती’ हे चार शब्द महाराष्ट्रातील कोणत्याही गावातील कोणत्याही आजोबांना लागू पडतील. जे सर्वांना लागू पडते, ते कोणाचेच नसते. काळ बदलला हे येथे लेखकाने सांगितले आहे, पण वाचकाला तो बदललेला दिसत नाही.

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावाच्या संदर्भात ही अडचण अधिक स्पष्ट होते. हुतात्मा बाबू गेनू यांचे हे गाव. १९०८ साली येथे जन्मलेले बाबू गेनू मुंबईला गेले, गिरणीत कामाला लागले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापड वाहून नेणाऱ्या ट्रकसमोर आडवे होऊन त्यांनी प्राण दिले. गावाच्या सार्वजनिक स्मृतीत ही घटना ठळक आहे. परंतु जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेली इतर अनेक माणसे आहेत. त्यांच्या नावाचे स्मारक नाही, तारीख नाही. त्यांच्याविषयी लिहायचे तर लेखकापाशी घरात उरलेल्या चार-दोन वस्तूच असतात. त्यांतील एका वस्तूपासून काळाविषयीचे लेखन कसे उभे करावे, हे या घटकात पाहायचे आहे.

६.२ वस्तूची निवड

प्रत्येक जुनी वस्तू या कामी येत नाही. निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. वापरामुळे वस्तूच्या अंगावर खुणा झाल्या आहेत का? तिने जागा, मालक किंवा उपयोग बदलला आहे का? आणि ती आज आपल्याला हातात घेऊन, उलटसुलट करून पाहता येते का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर ती वस्तू लेखनाचा भार पेलू शकते.

याच परिसरातील दोन वस्तूंची तुलना करू. जुन्नरजवळ नाणेघाटात एक मोठा दगडी रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात गोळा होत असे, असे परंपरा सांगते. जवळच्या लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख आहे. काळाविषयी लिहायला याहून भव्य वस्तू कोणती, असे अनेकांना वाटते. पण या रांजणाशी लेखकाचा व्यक्तिगत संबंध सहसा नसतो. सुमारे दोन हजार वर्षांच्या अंतरात एकाही माणसाचा हात त्याला दिसत नाही. त्यामुळे लेखन ‘भव्य’, ‘प्राचीन’, ‘मूक साक्षीदार’ अशा विशेषणांत अडकते. इतिहासलेखनासाठी रांजण मोलाचा आहे. स्मृतिलेखनाच्या पहिल्या सरावासाठी मात्र तो दूरचा आहे.

याउलट, गिरणी कामगाराच्या घरातील पत्र्याची ट्रंक घ्या. ती साधी आहे, बाजारात विकत मिळालेली आहे, तिच्यात कलाकुसर नाही. पण ती गावाहून मुंबईला गेली, वर्षानुवर्षे येत-जात राहिली आणि एके दिवशी कायमची परत आली. वरील तिन्ही प्रश्नांचे उत्तर ती होकारार्थी देते.

वस्तू एकच निवडावी, हेही महत्त्वाचे आहे. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांनी २००८ साली ‘निरागसतेचे संग्रहालय’ या अर्थाच्या नावाची कादंबरी प्रसिद्ध केली आणि २०१२ साली इस्तंबूल येथे त्याच नावाचे प्रत्यक्ष संग्रहालय उघडले. तेथे शेकडो वस्तू आहेत. पण त्यांची मांडणी कादंबरीच्या प्रकरणांना अनुसरून वेगवेगळ्या पेटिकांत केलेली आहे. म्हणजे वस्तू कितीही असल्या तरी पाहणाऱ्याची नजर एका वेळी एका पेटिकेवर थांबावी, अशी योजना आहे. आठशे-हजार शब्दांच्या लेखाला एकाच पेटिकेची जागा असते. त्यात ट्रंक, कंदील, जाते आणि छत्री अशा चार वस्तू आल्या की लेखाची यादी होते.

६.३ वस्तूचे वाचन : एक ट्रंक

लिहायला बसण्यापूर्वी वस्तू वाचावी लागते. त्यासाठी वही घेऊन वस्तूसमोर बसावे आणि प्रथम जे दिसते तेवढेच टिपावे. अर्थ लावण्याची घाई करू नये. अभ्यासासाठी आपण महाळुंगे पडवळमधील एका घरातील ट्रंक कल्पू. तिच्यावर पुढील खुणा आहेत असे मानू.

झाकणावर पांढऱ्या तैलरंगात मालकाचे नाव आणि पत्ता लिहिलेला आहे : मु. पो. महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव, जि. पुणे. त्याखाली पिनकोड आहे. झाकणाचा रंग निळा आहे. कोपरा जेथे घासला आहे तेथे निळ्याखाली हिरवा रंग दिसतो. कोयंडा वाकलेला आहे. तळाशी वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला आहे. त्याचा तारखेचा भाग फाटलेला आहे, पण अंकाची किंमत ‘नवे पैसे’ या नाण्यांत छापलेली दिसते.

आता या खुणांना काळ विचारू. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून चालू झाली आणि १९६४ मध्ये पैशामागचे ‘नवा’ हे विशेषण वगळण्यात आले. म्हणजे तळाचा कागद साधारणपणे १९५७ ते १९६४ या काळात छापला गेला. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. म्हणून झाकणावरचा पत्ता, निदान त्यातील पिनकोड, त्यानंतरच लिहिला गेला. निळ्याखाली हिरवा रंग असल्याने ट्रंक मध्यंतरी पुन्हा रंगवली गेली, हेही दिसते. अशा रीतीने एकाच वस्तूवर दोन वेगळे काळ हाती लागतात आणि त्यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर राहते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. कागद १९६० च्या आसपासचा आहे, म्हणून ट्रंक त्याच वर्षी घेतली, असे म्हणता येत नाही. रद्दीचा जुना कागद नंतरही अंथरता येतो. ट्रंक आधीची असून कागद मागाहून बदललेला असू शकतो. कागद एवढेच सांगतो की, तो छापला जाण्यापूर्वी तेथे अंथरला गेला नाही. पत्त्यात पिनकोड नसता, तर तो पत्ता १९७२ पूर्वीचाच, असेही ठरले नसते; कारण कित्येक लोक पुढेही पिनकोड लिहीत नसत. खूण असणे हा पुरावा आहे. खूण नसणे हा फार तर अंदाज आहे. हा भेद लेखकाने पाळला नाही, तर जाणत्या वाचकाचा विश्वास पहिल्याच परिच्छेदात उडतो.

पत्त्यातील ‘ता. आंबेगाव’ हे शब्दही वाचण्यासारखे आहेत. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव येथे आहे. तालुक्याचे नाव मात्र तेच राहिले. पत्ता लिहिणाऱ्याने काळाविषयी काही म्हणण्यासाठी ते शब्द लिहिले नव्हते. ट्रंक हरवू नये एवढाच त्याचा हेतू होता. वस्तूवरील खुणांचे बळ यातच असते. त्या आपल्याला उद्देशून केलेल्या नसतात.

यानंतर घरातील माणसांकडे जावे. ‘आजोबांविषयी काही सांगा’ असा प्रश्न विचारला तर ‘फार कष्टाळू होते’ असे उत्तर येते. वस्तू समोर ठेवून ‘ही कुलूप लावून ठेवत का? किल्ली कोणाकडे असे?’ असे विचारले, तर प्रसंग येतात. प्रत्येक प्रसंगापुढे तो कोणी सांगितला, हे वहीत नोंदवावे.

६.४ वाचनाकडून लेखनाकडे

वरील खुणा आणि घरात ऐकलेले प्रसंग यांच्या आधारे ६.१ मधील उतारा पुन्हा लिहिला, तर तो असा होऊ शकेल. हा नमुना अभ्यासासाठी रचलेला आहे.

“आमच्या माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव आणि पत्ता आहे. अक्षरे रंगाऱ्याची नाहीत. ‘पुणे’ लिहिताना जागा संपली आहे आणि शेवटचे अक्षर कडेला दाटले आहे. झाकण निळे आहे. कोपरा घासला आहे तेथे निळ्याखाली हिरवा रंग दिसतो.

मुंबईत गावच्या बारा जणांची मिळून एक खोली होती. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागेवर निजे. आरसा सर्वांचा असे, खिळेही सर्वांचे. भिंतीकडेला ट्रंका एकावर एक रचलेल्या असत, आणि कुलूप तेवढे ज्याचे त्याचे असे. दिवाळीला आजोबा येत तेव्हा ट्रंक एस.टी.च्या टपावरून येई. ती उघडण्याआधी आजी तिच्यावरची धूळ पदराने पुशी.

१९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. त्या वर्षी ट्रंक दिवाळीच्या आधीच आली. आत्या सांगते, त्या दिवशी आजीने धूळ पुसली नाही.

आता ट्रंकेत सातबाऱ्याचे उतारे आणि रेशनकार्ड असते. कुलूप नाही. कोयंडा वाकला आहे. तो कोणी वाकवला, हे घरात कोणाला आठवत नाही. पत्त्यातले आंबेगाव धरणाखाली गेले आहे. तळाचा कागद मात्र तसाच आहे. त्याची किंमत नव्या पैशांत आहे.”

या उताऱ्यात ‘काळ’ हा शब्द एकदाही आलेला नाही. ‘स्मृती’, ‘कष्ट’, ‘त्याग’ हेही शब्द नाहीत. तरीही एका कुटुंबाचा सुमारे पाव शतकाचा काळ वाचकासमोरून जातो. ‘त्याग’ म्हणजे काय, हे बारा जणांच्या खोलीतील कुलपावरून कळते. संपाने घरावर काय परिणाम केला, हे न पुसलेल्या धुळीवरून कळते. वाचक हा अर्थ स्वतः लावतो आणि म्हणून तो त्याला पटतो.

उताऱ्याने काय सोडून दिले, हेही पाहावे. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. ही माहिती खरी असूनही येथे घेतलेली नाही, कारण ट्रंकेने ती वाहून आणलेली नाही. संप का झाला, तो का चिघळला, गिरण्यांचे पुढे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे वस्तूपाशी नसतात. त्यासाठी वैचारिक किंवा ऐतिहासिक लेखन करावे लागते. एका घरावरून गेलेला काळ दाखवणे ही या पद्धतीची ताकद आहे आणि तीच तिची मर्यादाही आहे.

६.५ क्रियापदांची रूपे आणि काळाचे थर

वस्तूवरील थर लेखनात क्रियापदांच्या रूपांनी वेगळे होतात. मराठीत यासाठी उत्तम सोय आहे. नमुना उताऱ्यातील क्रियापदे पुन्हा पाहा.

वस्तू आज जशी आहे ती सांगताना साधा वर्तमानकाळ आला आहे : ‘ट्रंक आहे’, ‘रंग दिसतो’. पूर्वी घडलेल्या क्रियेची खूण आजही शिल्लक असेल तेथे पूर्ण वर्तमानकाळ आहे : ‘कोपरा घासला आहे’, ‘कोयंडा वाकला आहे’. क्रिया भूतकाळातील, पण परिणाम आपल्या डोळ्यांसमोर, असा दुहेरी अर्थ या रूपात आहे. म्हणून वस्तुवर्णनात ते विशेष उपयोगी पडते. ‘कोयंडा वाकला’ असे लिहिले तर केवळ एक घटना कळते. ‘वाकला आहे’ म्हटल्याने ती घटना आणि आजचा क्षण जोडले जातात.

पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींसाठी रीती भूतकाळ आला आहे : ‘निजे’, ‘येई’, ‘पुशी’, ‘रचलेल्या असत’. ही रूपे एकेका दिवसाची गोष्ट सांगत नाहीत. ती वर्षानुवर्षांची वहिवाट सांगतात. आणि एकदाच घडलेल्या गोष्टीसाठी साधा भूतकाळ आहे : ‘संप सुरू झाला’, ‘ट्रंक आली’, ‘धूळ पुसली नाही’.

उताऱ्याचा कणा म्हणजे ‘पुशी’ आणि ‘पुसली नाही’ यांतील अंतर होय. आधी रीती भूतकाळाने वहिवाट बसवली नसती, तर ती मोडल्याचे वाचकाला जाणवले नसते. ‘आजीने धूळ पुसली नाही’ हे वाक्य एकटे घेतले, तर ते क्षुल्लक आहे. काळ बदलला, हे दाखवण्याचा मराठी गद्यातील हा एक भरवशाचा मार्ग आहे : आधी रीत सांगावी, मग ती ज्या दिवशी मोडली तो दिवस साध्या भूतकाळात सांगावा. सर्वच वाक्ये ‘होता, होती, होते’ यांत संपवली, तर हे थर एकमेकांत मिसळतात आणि सगळा भूतकाळ सपाट होतो.

६.६ वारंवार घडणारे दोष

पहिला दोष वस्तूला बोलायला लावण्याचा. ‘ट्रंक जणू मला सांगत होती’ असे लिहिले की लेखकाने पाहणे थांबवले, हे ओळखावे. ट्रंक बोलत नाही. तिच्यावर रंग आहे, गंज आहे, पत्ता आहे. ‘जणू’ने सुरू होणारे वाक्य खोडून त्या जागी एखादी प्रत्यक्ष खूण लिहिता येते का, हे पाहावे.

दुसरा दोष शेवटी अर्थ सांगण्याचा. नमुना उतारा ‘किंमत नव्या पैशांत आहे’ येथे थांबतो. त्यापुढे ‘खरेच, नाणी बदलली, माणसे गेली, आठवणी उरल्या’ असे जोडण्याचा मोह होतो. तसे केल्यास वाचकाने स्वतः लावलेला अर्थ लेखक त्याच्या हातून काढून घेतो. पहिला मसुदा झाल्यावर शेवटचे वाक्य झाकून लेख वाचावा. काहीच उणे वाटले नाही, तर ते वाक्य काढावे.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे आणि तो सचोटीशी संबंधित आहे. आपले आजोबा महाळुंगे पडवळचे आणि गिरणीतले. म्हणून त्यांचा बाबू गेनूंशी परिचय होता, किंवा ट्रंक त्यांच्या काळातील आहे, असे सुचवण्याचा मोह होऊ शकतो. वर पाहिलेल्या ट्रंकेवर १९३० सालची एकही खूण नाही. हुतात्म्याच्या नावाचा प्रकाश आपल्या वस्तूवर पाडण्याने दोघांचाही अवमान होतो. जे आठवत नाही, ते आठवत नाही असेच लिहावे. ‘कोयंडा कोणी वाकवला, हे घरात कोणाला आठवत नाही’ या वाक्याने लेख दुबळा होत नाही. विस्मरण हाही स्मृतीचाच भाग आहे, हे त्यातून दिसते. त्याचप्रमाणे ‘आत्या सांगते’ हे दोन शब्द लेखकाने स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांतील सीमा राखतात.

६.७ सारांश

काळ आणि स्मृती यांविषयी लिहिताना वापराने बदललेली, जागा बदललेली आणि हाताशी असलेली एकच वस्तू निवडावी. प्रथम तिच्यावरील खुणा टिपाव्यात, त्या काय सिद्ध करतात आणि काय करत नाहीत हे ठरवावे, मग वस्तू समोर ठेवून माणसांना विचारावे. लेखनात आजची स्थिती, उरलेली खूण, जुनी वहिवाट आणि एकदाच घडलेली घटना यांसाठी क्रियापदांची वेगवेगळी रूपे योजावीत. अर्थ वाचकावर सोपवावा.

स्वाध्याय

१. नमुना उताऱ्यातील सर्व क्रियापदे काढून त्यांचे चार गटांत वर्गीकरण करा. ‘पुशी’ऐवजी ‘पुसली’ असे रूप योजल्यास अर्थात कोणता फरक पडतो, ते पाच-सहा ओळींत लिहा.

२. तळाच्या कागदावर ‘आणे’ या नाण्यांत किंमत छापलेली असती, तर ट्रंकेविषयी कोणते विधान करता आले असते आणि कोणते करता आले नसते? कारणे द्या.

३. आपल्या घरातील एक वस्तू निवडा. तिच्यावरील किमान पाच खुणा अर्थ न लावता टिपा. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला वस्तू दाखवून एक रीत आणि ती मोडल्याचा एक प्रसंग विचारून घ्या. त्यावर ‘काळ’, ‘आठवण’, ‘स्मृती’ हे शब्द न वापरता तीनशे शब्दांचा लेख लिहा.